घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा तीन आठवड्यांचा तक्ता: सात आठवड्यांच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. आधीचा हिशोब

ठाण्यात घोडबंदर रोडवरचा एकच टॉवर, तळ अधिक २४ मजले. मजल्यावर ६ फ्लॅट, क्षेत्र साधारण ५२० चौरस मीटर. शटरिंग अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे साइटच्या भाषेत माइवन. भिंती आणि स्लॅब एकदमच भरतात, मजल्याला सुमारे १५० घनमीटर काँक्रीट लागतं. सध्या १२ वा स्लॅब भरायचा आहे.

कार्यक्रमात एका स्लॅबला ८ दिवस धरलेत. मागच्या पाच स्लॅबना १०, १२, ११, १३ आणि ११ दिवस लागले. म्हणजे ४० दिवसांच्या कामाला ५७ दिवस, १७ दिवस वाया. रोजच्या अहवालात उशिराचं कारण म्हणून 'माणसं कमी' हे शब्द या काळात ११ वेळा लिहिलेत. त्याच अहवालांतली हजेरी, चलनं आणि काँक्रीट भरायच्या मंजुरीची पोअर कार्डं शेजारी ठेवून १७ दिवस पुन्हा वाटले, तर चित्र वेगळं निघालं. तपासणी आणि वायरिंगचे पाइप म्हणजे कॉन्ड्युट यांच्या घोळात ६ दिवस, ड्रॉइंग उशिरा आल्यामुळे लोखंडाच्या कटिंग-बेंडिंगमध्ये ४, प्लांटवरून तयार काँक्रीट आणणाऱ्या आरएमसीच्या गाड्यांमुळे ३, क्रेन बंद म्हणून २ आणि खरोखर माणसं कमी म्हणून फक्त २.

तीन आठवड्यांचा तक्ता सुरू करण्यामागे एवढंच कारण आहे. १७ पैकी १५ दिवसांची अडचण आधी दिसू शकली असती.

आज तक्ता केला. डावीकडे कामं, उजवीकडे २१ दिवसांचे रकाने. रविवार दुपारनंतरचा भाग राखाडी, कारण रविवारी खर्ची वाटली जाते आणि गँग बाजाराला जाते. त्या वेळात कसलंही वचन घ्यायचं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. पहिली बैठक, आणि ती कशी फसली

तक्ता प्लॅनिंगच्या टेबलावर बसून, मूळ कार्यक्रमातून कामं उचलून केला होता. ७४ ओळी झाल्या. बैठक १ तास ५० मिनिटं चालली. चाळिसाव्या ओळीनंतर कोणी ऐकत नव्हतं.

दुसरी चूक याहून मोठी. ठेकेदारांना बोलावलं होतं, मुकादमांना नाही. ठेकेदाराच्या चार साइट असतात. उद्या आपल्या मजल्यावर किती माणसं असतील आणि ती कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करतील, हे मुकादमाला ठाऊक असतं. ठेकेदाराने प्रत्येक ओळीला 'हो जाएगा साहब' म्हटलं आणि आम्ही ते वचन म्हणून लिहून घेतलं. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला अर्थ नसतो, हे कळायला दोन आठवडे गेले.

येत्या आठवड्यासाठी २६ वचनं लिहिली.

८ फेब्रुवारी, शनिवार

१२ वा स्लॅब भरला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी बैठक. मुकादम आले. ओळी ७४ वरून ३८ वर आणल्या. 'कव्हर ब्लॉक लावणे' असली बारीकसारीक कामं काढून टाकली आणि ज्या कामानंतर मजला एका गँगकडून दुसऱ्या गँगच्या हातात जातो तेवढीच ठेवली. वेळ ५५ मिनिटं. पुढच्या आठवड्यासाठी २४ वचनं.

वचन लिहायची पद्धत आज बदलली. आधी स्लॅबखालच्या शटरिंगसाठी 'डेकिंग: मंगळ-बुध' असं लिहीत होतो. आता असं: '१३ वा मजला, फ्लॅट १ ते ३, डेक लेव्हल करून, झाडून, कॉन्ड्युटसाठी मोकळा, बुधवार दुपारी २ पर्यंत'. जागा, काम कुठल्या अवस्थेत द्यायचं ती अवस्था आणि वेळ, या तीन गोष्टी असल्या की सोमवारी 'झालं का नाही' यावर वाद होत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. पहिली मोजणी

दर सोमवारी सकाळी साडेआठला, मजल्यावर उभ्यानेच, १५ मिनिटं. पहिल्या आठवड्याच्या २६ वचनांपैकी ११ पुरी. ४२ टक्के.

मोजायचा नियम एकच: पूर्ण किंवा शून्य. '९० टक्के झालंय' म्हणजे शून्य. हे कडक वाटतं, पण ९० टक्के डेकवर इलेक्ट्रिशियन पाइप टाकू शकत नाही. उरलेल्या दहा टक्क्यांत जिना असेल, तर लोखंडही चढत नाही. पुढच्या गँगला मजला मिळाला का, एवढंच आपण मोजतो आहोत. शीटमध्ये वचन ब रकान्यात, निकाल ह रकान्यात:

```
=COUNTIF(H2:H40,"Y")/COUNTA(B2:B40)
```

न झालेल्या १५ पैकी ९ समोर पुन्हा 'माणसं कमी'. या वेळी प्रत्येकाला एकच जास्तीचा प्रश्न विचारला: त्या दिवशी सकाळी तुमची किती माणसं गेटवर आली? नऊपैकी सहा ठिकाणी माणसं आली होती. एक उदाहरण सविस्तर लिहितो, कारण बाकीची पाचही याच साच्यातली आहेत.

बुधवारी इलेक्ट्रिकलची चार माणसं सकाळी ९ वाजता १३ व्या मजल्यावर आली. फ्लॅट १ ते ३ चा डेक मोकळा असायला हवा होता. प्रॉप लागले होते, पण लेव्हल व्हायची होती. ११ पर्यंत माणसं बसून राहिली. त्यांच्या ठेकेदाराने फोन करून त्यांना कासारवडवलीच्या दुसऱ्या साइटवर नेलं. डेक दुपारी ३ वाजता मोकळा झाला. गुरुवारी माणसं परत आली नाहीत, कारण तिकडे काम अर्ध्यात होतं. शुक्रवारी दोनच आली. अहवालात काय लिहिलं? 'इलेक्ट्रिकलची माणसं कमी'. खरं कारण होतं बुधवारी फ्रंट, म्हणजे कामाला मोकळी जागा, मिळाला नाही हे, आणि त्यामागचं कारण मंगळवारी लेझर लेव्हल बॅटरीअभावी अर्धा दिवस बंद होती. सहा तासांच्या उशिराला दोन दिवस गेले, आणि शिक्का बसला तो ज्याने उशीर केला नव्हता त्याच्यावर.

म्हणून आजपासून कारणांच्या यादीतून 'माणसं कमी' काढून टाकलं. त्याऐवजी दोन वेगळी कारणं: 'माणसं आली नाहीत' आणि 'माणसं आली, फ्रंट नव्हता'. इतकं केल्याने पुढच्या आठवड्यात या सदराखालची निम्म्याहून जास्त कारणं दुसऱ्या रकान्यात गेली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सव्वा दोन वाजता आलेलं पोअर कार्ड

आज १३ वा स्लॅब भरायचा होता. आमच्या रस्त्यावर अवजड वाहनांना ठरावीक वेळीच सोडतात. वाहतूक पोलीस या वेळा वेळोवेळी बदलतात, त्यामुळे आमचे तास इथे उतरवून कोणाचा उपयोग नाही. आपल्या रस्त्याचा चालू आदेश बघावा. त्यात मेट्रो ४ चं काम. गाडी अडकली की मागची रांगही अडकते. १५० घनमीटर म्हणजे ६ घनमीटरच्या २५ गाड्या. रात्री उशिरा पंप चालवला तर शेजारच्या सोसायटीतून तक्रार येते आणि ती रास्त असते. थोडक्यात, दुपारी १२ च्या आत पहिली गाडी रिकामी व्हायला लागली नाही, तर त्या दिवशी स्लॅब भरत नाही.

आरसीसी कन्सल्टंटचे इंजिनिअर ११ वाजता तपासायला आले. लोखंडात किरकोळ दुरुस्त्या निघाल्या, तासाभराचं काम. पण दोन फ्लॅटच्या हॉलमध्ये फॅन बॉक्स जुन्या जागी निघाले. इलेक्ट्रिकलचं सुधारित ड्रॉइंग ऑफिसात गुरुवारपासून पडून होतं, मजल्यावर आलंच नव्हतं. बॉक्स हलवायचे म्हणजे वरची जाळी सोडवायची. पोअर कार्डावर सही झाली सव्वा दोनला.

तोवर प्लांटवरून दोन गाड्या निघाल्या होत्या. त्या परत पाठवल्या. १२ घनमीटर, आमच्या ₹५,५०० दराने ₹६६,०००. काँक्रीट गँगच्या १६ माणसांची ₹७५० प्रमाणे दिवसाची हजेरी ₹१२,०००. उद्या शिवजयंती. मिरवणुकांमुळे रस्ते वळवतात, म्हणून प्लांटने गाड्यांची हमी द्यायला नकार दिला. आता स्लॅब परवा.

सव्वा दोन तासांचा उशीर, दोन दिवसांचं नुकसान आणि ₹७८,०००. शिवजयंती कॅलेंडरवर होती. तीन आठवड्यांच्या तक्त्यावर मात्र ती कोणी लिहिली नव्हती, कारण तक्त्यात फक्त कामं होती, अडथळे नव्हते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

१३ वा स्लॅब भरला. १२ दिवस. तक्ता सुरू करूनही आधीपेक्षा वाईट, आणि साइटवर तसं बोललंही गेलं.

संध्याकाळी तपासणीची पद्धत बदलली. आता ती तीन तुकड्यांत. भिंतींचं लोखंड आणि भिंतीतले पाइप शटर बंद करण्याआधी. स्लॅबची खालची जाळी आणि कॉन्ड्युट आदल्या दिवशी दुपारी ३ ला, वरची जाळी पसरण्याआधी, कारण चूक सापडली तर तेव्हाच ती पंधरा मिनिटांत सुटते. शेवटची फेरी भरण्याच्या दिवशी सकाळी साडेसातला, फक्त आदल्या दिवशी काढलेल्या त्रुटी बघायला. कन्सल्टंटला दोन चकरा जास्त पडतात. त्यांनी मान्य केलं, पण अट घातली की वेळ तीन दिवस आधी कळवायची. ही अटच तक्त्यात ओळ म्हणून गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. अडथळ्यांची यादी

'लास्ट प्लॅनर' या नावाने ही पद्धत जगभर ओळखली जाते. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात ती बसवली. आम्ही तिची साप्ताहिक वचनं उचलली होती, पण त्याआधीची पायरी गाळली होती. काम करता येण्याजोगं झालंय का हे आधी बघायचं, आणि मगच वचन घ्यायचं.

तक्त्याचे तीन आठवडे आता तीन वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. तिसऱ्या आठवड्यात काही नवीन काम शिरलं की त्याला सात प्रश्न विचारायचे: ड्रॉइंग, साहित्य, आधीचं काम, माणसं, यंत्र, तपासणी, परवानगी किंवा रस्ता. ज्याचं उत्तर 'तयार' नाही तो अडथळा. दुसऱ्या आठवड्यात तो सोडवायचा. पहिल्या आठवड्यात एकही अडथळा उघडा असलेलं काम येऊ द्यायचं नाही, मग कार्यक्रमात त्याची तारीख उलटून गेली असली तरी.

प्रत्येक अडथळ्यासमोर एकच माणूस आणि एकच तारीख. 'इलेक्ट्रिकल ठेकेदार' हा माणूस नव्हे. 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे. नमुन्याच्या दोन ओळी:

- १४ वा मजला, कॉन्ड्युट. अडथळा: फॅन बॉक्सचं सुधारित ड्रॉइंग मजल्यावर नाही. कोण: साइटचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. केव्हापर्यंत: २४ फेब्रुवारी. सुटला कधी म्हणायचं: छापील प्रत मजल्यावरच्या फळ्याला लागली आणि जुनी फाडली की.
- १४ वा स्लॅब, काँक्रीट. अडथळा: २६ ला महाशिवरात्र, तपासणीची वेळ ठरलेली नाही. कोण: क्वालिटीचे इंजिनिअर. केव्हापर्यंत: २५ फेब्रुवारी.

'सुटला कधी म्हणायचं' हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो नसेल तर 'मेल पाठवलाय' यावर अडथळा सुटल्याची खूण होते.

आज २३ कामं समोर आली, ७ परत पाठवली, १६ वचनं घेतली. प्रोजेक्ट मॅनेजरना १६ आकडा आवडला नाही. त्यांचं म्हणणं, काम कमी केलं तर स्लॅब वेगाने कसा येणार. पण ती सात कामं लिहिली असती म्हणून झाली असती असं नाही. त्यांच्या भरवशावर बोलावलेली माणसं फुकट बसली असती इतकंच. आणि रिकाम्या हातांसाठी पर्याय ठेवला आहेच. अडथळा नसलेली, पण घाई नसलेली सहा कामं वेगळ्या कागदावर असतात (खालच्या मजल्यांच्या भिंतींची घासाई, पॅनेल साफ करणं, डक्टमधली जाळी). फ्रंट मिळाला नाही तर गँग तिकडे वळते. ती वचनांत मोजत नाही.

आजच १० ते १६ मार्च हा आठवडा तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदा आला. १३ ला होळी, १४ ला धुळवड. माइवन गँगमध्ये २६ माणसं, बहुतेक बिहार-झारखंडची. मुकादम म्हणाले, चार-पाच जण जातील, आठवड्यात परत. 'माणसं' या प्रश्नाला 'तयार' लिहिणार, तेवढ्यात स्टोअरवाल्याने सुचवलं की रेल्वेची तिकिटं बघा. हे आम्हाला सुचायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. तिकिटं, क्रेन आणि पाच टक्के

मागच्या आठवड्याची मोजणी: २४ पैकी १२, ५० टक्के.

माणसामाणसाला विचारून तिकिटाच्या तारखा लिहिल्या. २६ पैकी १७ जण ९ ते ११ मार्चदरम्यान निघणार. परतीचं तिकीट फक्त ८ जणांकडे. चार-पाच कुठे आणि सतरा कुठे. मुकादम खोटं बोलत नव्हते. त्यांनाही आजवर कोणी नावानिशी विचारलं नव्हतं.

यावरून दोन निर्णय. एक, १५ वा स्लॅब ९ मार्चच्या पुढे जाता कामा नये. गेला तर अर्धवट शटर लागलेला मजला तीन आठवडे तसाच उभा राहील. दोन, होळीच्या दिवसांत शटरिंग चालणारच नाही असं धरून दुसरं काम आणायचं.

ते दुसरं काम म्हणजे टॉवर क्रेनला इमारतीशी बांधणारा पुढचा टाय. एजन्सीने त्यासाठी २७-२८ फेब्रुवारी दिली होती. दोन दिवस क्रेन बंद, म्हणजे ऐन १४ व्या स्लॅबच्या लोखंडाच्या वेळी. ते १२-१३ मार्चला ढकललं. पण टायच्या ब्रॅकेटला लागणारे बोल्ट काँक्रीटमध्ये आधीच बसवावे लागतात, आणि ते १४ व्या मजल्याच्या भिंतीत येणार. म्हणजे टाय १२ मार्चला असला तरी बोल्टचं ड्रॉइंग १४ व्या मजल्याचं शटर बंद होण्याआधी हवं. एजन्सीकडे आज मागितलं, २६ ला सकाळी आलं, दुपारी फिटरने बोल्ट बांधले. हे राहिलं असतं तर भिंतीत नंतर ड्रिल मारून केमिकल अँकर लावावे लागले असते, आणि त्याला कन्सल्टंटची वेगळी मंजुरी व पुल-आउट टेस्ट लागते. टायची तारीख महत्त्वाची नाही, टायमुळे अडणारी सगळ्यात आधीची तारीख महत्त्वाची आहे. तक्त्यात आता यंत्राच्या प्रत्येक कामासमोर ही वेगळी तारीख लिहितो.

आजचा तिसरा निर्णय चुकीचा ठरला. ५० टक्के बघून ठरलं की ७० टक्क्यांखाली राहणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून ५ टक्के अडकवून ठेवायचे.

१ मार्च, शनिवार

१४ वा स्लॅब भरला. ९ दिवस. खालच्या जाळीच्या तपासणीत दोन त्रुटी आदल्या दुपारी निघाल्या आणि तिथेच मिटल्या. सकाळी साडेसातची फेरी वीस मिनिटांत आटोपली. पहिली गाडी ११:१० ला.

३ मार्च, सोमवार. फुगलेला टक्का

मागच्या आठवड्याचे १६ पैकी १२, ७५ टक्के. न झालेल्या चारपैकी दोन अशा अडथळ्यांमुळे जे आम्ही 'सुटला' म्हणून खूण केले होते. एकात साहित्य आलं होतं, पण गेटवरच्या गाडीत; दुसऱ्यात स्लीव्ह आले, पण १०० मिमीचे, हवे होते ११०.

शुक्रवारच्या, म्हणजे २८ तारखेच्या बैठकीत ५ टक्क्यांचा परिणाम दिसला होता, तो आज ध्यानात आला. प्लंबरने '८ ते १० मजल्यांचा सॉइल स्टॅक' हे एक काम पाच वचनांत फोडून दिलं. फिटरने दोन दिवसांच्या कामाला चार दिवस मागितले. वचनं १९ झाली, पण काम वाढलं नाही. माणूस स्वतःला वाचवणार, त्यात नवल नाही. अडवणूक आजच मागे घेतली आणि तसं सगळ्यांसमोर सांगितलं. टक्का फळ्यावर ठेकेदारनिहाय लावत होतो, तेही थांबवलं. आता फळ्यावर कारणं लागतात, नावं नाहीत. खरी ढिलाई असेल तर तिची चर्चा ऑफिसात, वेगळी.

७ मार्च, शुक्रवार

टक्क्याबरोबर दुसरा आकडा मोजायला घेतला: या आठवड्यात सुटायला हवे होते त्यातले किती अडथळे ठरल्या तारखेला सुटले. २१ पैकी १३. हा आकडा ठेकेदारांचा नाही, ऑफिसचा आहे. सुटायचे राहिलेल्या आठांपैकी पाच ड्रॉइंग आणि खरेदीचे, म्हणजे ज्यांनी हा तक्ता आणला त्यांच्याच टेबलावरचे. बैठकीतलं वातावरण या आकड्याने जितकं बदललं तितकं दुसऱ्या कशाने नाही. मुकादम पहिल्यांदा आपणहून बोलले: '१६ व्या मजल्याला किकर पॅनेल वाकलेत, आत्ता सांगतो, नंतर म्हणू नका.'

९ मार्च, रविवार

१५ वा स्लॅब भरला. ८ दिवस. खर्ची शनिवारी संध्याकाळी दिली, म्हणून रविवारी गँग थांबली. सहा जण रात्रीच्या गाडीला थेट साइटवरून कल्याणला गेले.

१० मार्च, सोमवार

१९ पैकी १६, म्हणजे ८४ टक्के. प्लंबरची फोडलेली पाच वचनं एकच धरली तर १५ पैकी १२, ८० टक्के. दुसरा आकडा खरा मानतो.

१७ मार्च, सोमवार. होळीचा आठवडा

१२ पैकी ११. टाय १२-१३ ला बसला, क्रेन १४ ला धुळवडीमुळे तशीही बंद होती, शनिवारी तपासून सुरू.

न झालेलं एक काम टॉयलेटच्या वॉटरप्रूफिंगचं. ते लिहून ठेवतो, कारण चूक वचनाच्या शब्दांत होती. '९ वा मजला, फ्लॅट १ ते ४, टॉयलेट पूर्ण, शनिवारपर्यंत' असं घेतलं होतं. कोटिंगचा दुसरा हात गुरुवारी झाला, वाळायला एक दिवस, पाणी भरलं शुक्रवारी रात्री. पाणी ४८ तास ठेवायचं असतं, म्हणजे रविवार रात्र. काम वेळेत झालं होतं, पण वचन गणितातच बसत नव्हतं. असल्या कामांत आता शेवटून मागे मोजतो. टाइलची गँग सोमवारी हवी, तर पाणी शुक्रवारी रात्रीपर्यंत भरलेलं हवं, आणि वचन 'पाणी भरून खालच्या छतावर तारीख लिहिली' एवढंच. ओल नाही हा निकाल वेगळी ओळ.

९२ टक्के आकड्यावर कोणी खूश होऊ नये. हा सोपा आठवडा होता, स्लॅब नव्हता. आकडा सलग ९० च्या वर राहू लागला तर वचनं फार सैल घेतली जात आहेत का, हे आधी बघावं लागेल.

२४ मार्च, सोमवार

गेलेल्या १७ पैकी ९ परत आले. परतीचं तिकीट होतं त्या ८ पैकी ७, आणि नव्हतं त्यातले २. पुढच्या वेळी 'माणसं' या अडथळ्यात परतीचं तिकीट नसलेल्याला आलेला धरायचं नाही.

माइवन गँगमध्ये आता ९ राहिलेले, ९ परतलेले आणि ४ नवीन, एकूण २२. नवीन चौघांनी माइवन आधी केलेलं नाही; पॅनेलचे नंबर वाचता येईपर्यंत त्यांना भिंतीच्या पिना आणि वेज यांवरच ठेवलंय. १६ वा स्लॅब २७ मार्चला, १८ दिवसांनी. होळी धरून २६ ला अपेक्षित होता.

या आठवड्याच्या तक्त्यात उघडे असलेले अडथळे तीन. ३१ ला ईद. फिटर गँगच्या २० पैकी १४ जण २८ ला मालदा गाठायला निघणार, सगळ्यांची नावं आणि तिकिटं लिहून झाली. १७ व्या मजल्याच्या भिंतींचं लोखंड ते जाण्याआधी कापून, वाकवून, फ्लॅटनिहाय टॅग लावून खाली रचायचं आहे, म्हणजे उरलेले सहा जण क्रेनने आलेली बंडलं नुसती बांधत राहतील. त्यासाठी १६ मिमीचा ३ टन माल कमी आहे, खरेदीची तारीख २५. आणि वाकलेले किकर पॅनेल अजून दुरुस्तीलाच आहेत, तारीख २६, नाव साइट इंजिनिअरचं.